दोन्ही राजे एकाच बाजूला असताना h-प्यादं पुढे ढकलायचं कसं?

बुद्धिबळ शिकताना पहिल्या आठवड्यातच कानावर पडतं: कॅसलिंग झालं की राजासमोरची प्यादी हलवायची नाहीत. मग कधीतरी एखाद्या विश्वविजेत्याचा डाव बघायला घेतो, तर राजा g1 वर निवांत बसलेला आणि h-प्यादं चाललंय पुढे. समोरच्याचा राजाही g8 वरच. हे त्याला चालतं आणि आपल्याला का चालत नाही, याचं उत्तर सहसा कुणी नीट सांगत नाही. मला ते बऱ्याच उशिरा, क्लबमधल्या एका ज्येष्ठ खेळाडूकडून कळलं. ते इथे क्रमाने मांडतोय.

उदाहरणाला एकच मांडणी घेतली आहे: फ्रेंच बचावाविरुद्धचा किंग्ज इंडियन अटॅक. h-प्याद्याची चाल तिथे सगळ्यात स्वच्छ दिसते. डावही एकच आहे, बॉबी फिशर विरुद्ध मंगोलियाचा ल्हामसुरेन म्याग्मारसुरेन. १९६७ साली ट्युनिशियातल्या सूस शहरात इंटरझोनल स्पर्धा झाली, तिथला. गंमत अशी की आघाडीवर असूनही फिशर भांडून स्पर्धेतून बाहेर पडला आणि त्याचे निकाल तक्त्यातून काढून टाकले गेले. डाव मात्र राहिला.

## काय काय लागेल

- खरा पट आणि सोंगट्या. स्क्रीनवरही चालेल, पण घरं डोळ्यात बसायला लाकडी पट बरा.
- खेळ्या लिहायची पद्धत यायला हवी: K राजा, Q वजीर, R हत्ती, B उंट, N घोडा. प्याद्याला अक्षर नसतं.
- सराव करायला तुमच्याच ताकदीचा एक जोडीदार.

## पायरी १: मागे हत्ती नाही, हे आधी मान्य करा

विरुद्ध बाजूंना कॅसलिंग झालेलं असतं तेव्हा h-प्यादं ढकलणं सोपं असतं. तुमचा राजा c1 वर आणि हत्ती h1 वर आयता उभा. प्यादी मारामारीत गेली की h-फाइल उघडते आणि हत्ती थेट काळ्या राजावर बघू लागतो.

दोघांचंही कॅसलिंग राजाच्या बाजूला झालं असेल, तर तुमचा हत्ती f1 वर किंवा e1 वर असतो आणि h-फाइलच्या टोकाशी तुमचाच राजा असतो. अशा वेळी घाईने फाइल उघडलीत तर तिचा फायदा कुणाला होईल याचा भरवसा नाही. म्हणून इथे h-प्याद्याचं पहिलं काम फाइल उघडणं नसून घरं धरणं आहे. h4 वरचं प्यादं g5 हे घर धरतं. तिथे आलेल्या घोड्याला किंवा उंटाला त्याचा आधार मिळतो. फाइल उघडायचं काम शेवटी येतं, सगळे मोहरे जागेवर पोचल्यावर. या लेखातल्या बाकीच्या पायऱ्या याच एका गोष्टीतून निघतात.

## पायरी २: h4 खेळण्याआधी e5 कडे बघा

हे पटावर मांडा:

```
1.e4 e6 2.d3 d5 3.Nd2 Nf6 4.g3 c5 5.Bg2 Nc6
6.Ngf3 Be7 7.O-O O-O 8.e5 Nd7 9.Re1 b5
10.Nf1 b4 11.h4
```

फिशरने h4 खेळलं ते ११व्या खेळीला. त्याची परवानगी मात्र आठव्या खेळीलाच मिळाली होती, e5 ने. हे एक प्यादं इथे तीन कामं करतं.

पहिलं, f6 वरच्या घोड्याला ते हुसकावतं. तो घोडा h7 सांभाळत होता, आता d7 वर गेला. दुसरं, h-प्यादं पुढे गेलं की g4 या घराला प्याद्याचा आधार उरत नाही. एरवी काळा घोडा f6 वरून तिथे उडी मारून बसला असता, आता त्याला f6 लाच थारा नाही. तिसरं काम नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. h4 खेळल्यावर g3 च्या प्याद्याला प्याद्यांपैकी फक्त f2 चा आधार राहतो. c7 वरून d6, e5, f4 अशी तिरकी रेघ थेट g3 पर्यंत येते. काळा वजीर c7 वर आला, तरी ती रेघ e5 वरच अडलेली असते. e5 पडलं की तीच रेघ तुमच्या राजाच्या दारात येते.

तेव्हा h4 खेळण्याआधी बोटावर मोजा: e5 वर काळ्याचे किती मोहरे नजर ठेवून आहेत आणि तुमचे किती राखणदार आहेत? वरच्या स्थितीत मारणारे दोन, c6 आणि d7 चे घोडे. राखणारेही दोन, f3 चा घोडा आणि e1 चा हत्ती. बरोबरी असली तर राखणाऱ्याचं भागतं. पुढे काळा वजीर c7 वर आला तर मारणारे तीन होतात, म्हणून पांढऱ्याचा उंट f4 वर येतो. तिथेही ओढाताण वाटली तर वजीर e2 वर. हा हिशेब जमत नसेल तर h-प्यादं जागेवरच राहू द्या.

आणखी एक बारीक गोष्ट. काळा उंट e7 वर असतो आणि h4 त्याच्या तिरक्या रेघेत येतं. इथे g3 ला प्यादं आहे, म्हणून उंटाने h4 मारलं तर gxh4 करून उंट खाता येतो. g-प्यादं अजून g2 वरच असलेल्या मांडणीत h4 ला फक्त f3 च्या घोड्याचा आधार असतो, आणि तो घोडा g5 ऐवजी दुसरीकडे कुठे हलला की प्यादं फुकट जातं. हे मी लहान मुलांच्या स्पर्धांत दर वेळी बघतो.

## पायरी ३: काळा काय उत्तर देतो ते बघून ठरवा

h4 नंतर पुढची योजना तुमच्या मनावर नसते, काळ्याच्या उत्तरावर असते.

काळ्याने ...h5 केलं तर. प्यादं अडलं म्हणून नवखे हिरमुसतात. खरं तर अर्धं काम झालेलं असतं. आता ...h6 खेळून g5 च्या घोड्याला हाकलणं काळ्याला शक्य नाही, कारण ते प्यादं पुढे निघून गेलं. शिवाय घोडा f3 वरून g5 वर गेला की d1 चा वजीर थेट h5 कडे बघतो. ते वाचवायला बहुतेक जण ...g6 खेळतात आणि मग f6 आणि h6 ही दोन्ही घरं प्याद्यांच्या राखणीतून सुटतात. त्या घरांवर तुमचे मोहरे न्यायचे.

काळ्याने ...h6 केलं तर. g5 बंद झालं. मग घोडा f1 वरून h2 आणि तिथून g4 ला न्या, उंट f4 वर आणि वजीर d2 वर. तिघांचीही नजर h6 वर आली की Bxh6 चा विचार करता येतो. तिघांपैकी एक जरी वाटेत असला तरी थांबा. दोन मोहऱ्यांवर केलेलं बलिदान बघणाऱ्यांना आवडतं, पण चार खेळ्यांत वाफ संपते.

काळ्याने दुर्लक्ष करून वजिराच्या बाजूला खेळ केला तर. बहुतेक वेळा हेच होतं, म्याग्मारसुरेननेही हेच केलं. त्याच्याकडे पाचव्या पायरीत येऊ.

काळ्याने ...f6 किंवा ...f5 केलं तर. हल्ल्याची पाटी पुसा. exf6 करा; ...f5 असेल तर लगेच त्याच खेळीला, एन पासाँच्या नियमाने. आता e-फाइलवर e6 चं प्यादं एकटं पडतं, g2 चा उंट h3 वर जाऊन त्याच्याकडे बघतो आणि e5 हे घर घोड्यासाठी मोकळं होतं. h4 तिथेच राहू द्या. इथे h5 ढकलत राहणं म्हणजे मधल्या पटावर भांडण पेटलेलं असताना अंगणात फुलं तोडत बसणं.

## पायरी ४: h5 कधी आणि h6 कधी

सगळ्यात जास्त डाव याच पायरीवर बिघडतात. h4 झालं की हात शिवशिवतात, पुढच्याच खेळीला h5, मग h6. पण प्यादं h4 सोडून h5 वर गेलं की g5 चा आधार गेला, आणि प्यादी मागे येत नाहीत. घोडा g5 वर न्यायचा बेत असेल तर h5 मुळे तुम्ही स्वतःच तो बेत मोडता. फिशरने ११व्या खेळीला h4 केलं आणि प्यादं २७व्या खेळीपर्यंत तिथेच ठेवलं. मधल्या काळात g5 वर आधी घोडा आला, मग उंट आला, शेवटी वजीरही आला.

मग h5-h6 अशी सरळ चाल करूच नये का? करावी, पण हेतू ओळखून. h6 ला प्यादं पोचलं आणि काळ्याने ...g6 केलं की h-फाइल बंद होते. हल्ला उरतो तो फक्त काळ्या रंगाच्या घरांवरून, म्हणजे f6 आणि g7. काळ्याचा काळ्या घरांवरचा उंट पटावर असेल तर तो f8 वर येऊन बसतो आणि तुमचं प्यादं h6 वर नुसतं अडकून पडतं. शेवटच्या टप्प्यात ते कुणीतरी सहज उचलून नेतं. तो उंट मारला गेला असेल, किंवा तुमच्या काळ्या घरांवरच्या उंटाशी त्याची अदलाबदल होणार असेल, तर मात्र h6 चं प्यादं काळ्या राजाच्या घशात अडकतं. तेव्हा h6 ढकलण्याआधी एकच प्रश्न विचारा: त्याचा e7 चा उंट कुठे आहे?

## पायरी ५: पूर्ण डाव सोंगट्या हलवून बघा

११व्या खेळीनंतरचा डाव असा गेला:

```
11...a5 12.Bf4 a4 13.a3 bxa3 14.bxa3 Na5
15.Ne3 Ba6 16.Bh3 d4 17.Nf1 Nb6 18.Ng5 Nd5
19.Bd2 Bxg5 20.Bxg5 Qd7 21.Qh5 Rfc8
```

काळाही आपलं टोकाचं प्यादं ढकलतोय, पण दुसऱ्या बाजूला: a5, a4 आणि पुढे ...a3 करून b2 फोडायचा बेत. फिशरने १३व्या खेळीला स्वतःच a3 करून ती वाट बंद केली. हल्ला करताना दुसऱ्या बाजूला एक खेळी खर्च करणं जिवावर येतं, पण ही एक खेळी वाचवली असती तर पुढे पाच खर्च झाल्या असत्या.

आता काळे घोडे बघा. एक a5 वर, दुसरा b6 वर. ज्या दोघांनी e5 वर दबाव ठेवायचा, ते दोघेही कडेला गेले. e5 चा हिशेब आपोआप सुटला आणि f3 च्या घोड्याला राखणीतून सुट्टी मिळाली. १८व्या खेळीचं Ng5 याच क्षणी आलं, आधी नाही. घोडा हलताच d1 ते h5 ही रेघ वजिरासाठी उघडली. काळ्याने घाबरून Bxg5 केलं आणि त्याचा काळ्या घरांवरचा उंट गेला. चौथ्या पायरीतल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

```
22.Nd2 Nc3 23.Bf6 Qe8 24.Ne4 g6 25.Qg5 Nxe4
26.Rxe4 c4 27.h5
```

२२व्या खेळीला काळा घोडा d5 वरून c3 वर गेला. दिसायला जोरदार जागा, पण d5 वरून तो f6 सांभाळत होता. तो उठताच उंट f6 वर. g7 वरची धमकी थोपवायला काळ्याला थोड्या वेळात ...g6 करावं लागलं आणि मग f6 चा उंट हलवता येईना, कारण त्याला e5 च्या प्याद्याचा आधार आहे. आठव्या खेळीचं e5 अजून कामावर आहे.

आता २७.h5 वर थांबा आणि पट नीट बघा. हे प्यादं g6 ने का मारता येत नाही? पांढरा वजीर g5 वर आहे, काळा राजा g8 वर, मध्ये g7 रिकामं. g6 चं प्यादं बाजूला झालं तर राजाला शह बसतो, म्हणजे ...gxh5 नियमातच बसत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. h5 वर जाताना प्याद्याने h4 हे घर रिकामं केलं. २६व्या खेळीला घोडा मारून हत्ती e4 वर आलाच होता. आता तो चौथ्या ओळीवरून सरकत h4 वर जाणार. पहिल्या पायरीत आपण म्हणालो होतो की मागे हत्ती नाही. इथे तो आला, राजाला न हलवता.

```
27...cxd3 28.Rh4 Ra7 29.Bg2 dxc2 30.Qh6 Qf8
31.Qxh7+
```

२८.Rh4 ची धमकी hxg6 ही होती. ...hxg6 केलं तर Qh6 आणि मात जवळच. ...fxg6 केलं तर Rxh7, राजाने हत्ती मारला की Qh4+, Kg8, Qh8+, Kf7, Qg7 मात. म्हणून काळ्याने हत्ती a7 वर आणला. f-प्यादं हललं की तो सातव्या ओळीवरून h7 राखेल. बचाव चांगला आहे. फिशरचं उत्तर Bg2, म्हणजे हल्ल्यातला उंट मागे! काळ्याने प्यादं खात c2 गाठलं, आता एका पावलावर वजीर.

मग Qh6. Qg7 मात थांबवायला काळा वजीर f8 वर यावा लागला आणि पांढऱ्या वजिराने h7 मारलं. काळ्याने इथे राजीनामा दिला. पुढचं तुम्ही पटावर करून बघा: ३१...Kxh7 ३२.hxg6+ हा दुहेरी शह, प्याद्याचा आणि h4 च्या हत्तीचा. राजा g8 वर गेला तर Rh8 मात, कारण h8 ला f6 च्या उंटाचा आधार आहे. त्याने g6 चं प्यादं खाल्लं तर ३३.Be4 मात. Bg2 कशासाठी होतं ते इथे कळतं.

## कुठे फसायला होतं

काळा आक्रमक खेळत नसला तरी मधल्या पटावरचा तणाव सुटलेला नसेल, म्हणजे e4 आणि d5 ची प्यादी अजून समोरासमोर असतील, तर h4 टाळा. एका मारामारीत मध्य उघडतो आणि तुमच्या राजासमोरची भगदाडं लगेच दिसू लागतात.

हल्ला फसतोय हे ओळखायची खूण म्हणजे अदलाबदल. दोन हलके मोहरे आणि वजीर पटावरून गेले आणि प्यादं h5 वर असेल, तर आता ते हल्ल्याचं प्यादं नाही, राखायचं प्यादं आहे. राजा g2 वर घेऊन त्याच्या जवळ जा आणि मात करायचं डोक्यातून काढा.

उलट, वजीर राहिलाय, e5 टिकून आहे आणि काळ्याचे दोन तरी मोहरे वजिराच्या बाजूला अडकलेत, एवढं असेल तर सावकाश मोहरे आणत राहा. h4 चं प्यादं वाट बघू शकतं.

## पायरी ६: सराव असा करा

११.h4 नंतरची स्थिती मांडा आणि जोडीदाराबरोबर तिथूनच डाव खेळा, प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या घड्याळाने. एकदा पांढरा घ्या, एकदा काळा. काळ्याने खेळताना पहिल्यांदा ...h5 करून बघा, पुढच्या डावात ...h6, मग ...f6. काळ्या बाजूने बसल्यावर कुठली खेळी खरोखर बोचते ते पांढऱ्याने खेळण्यापेक्षा लवकर कळतं.

डाव संपला की खेळ्यांच्या कागदावर h5 जिथे ढकललं त्या खेळीभोवती गोल करा आणि बाजूला तीन गोष्टी लिहा: तेव्हा e5 वर मारणारे किती होते, काळ्याचा e7 चा उंट कुठे होता, आणि तुमचा हत्ती चौथ्या ओळीवर यायला किती खेळ्या लागत होत्या. चौथ्या ओळीवर यायला तीनहून जास्त खेळ्या लागत असतील, तर तोच डाव त्या जागेवरून परत मांडा आणि h5 ऐवजी हत्ती हलवून खेळून बघा.